गाठ वाढते, वक्र बदलत नाही

बी-स्प्लाइन वक्र संगणकात साठवताना वक्रावरचे हजारो बिंदू साठवले जात नाहीत. साठवले जातात ते थोडेसे नियंत्रण बिंदू, एक घात आणि चढत्या क्रमाने मांडलेल्या संख्यांची एक यादी. या यादीतल्या संख्यांना गाठी म्हणतात. नियंत्रण बिंदू बहुतेक वेळा वक्रावर नसतातच. ते बाजूला राहून वक्राला आपल्याकडे ओढतात, आणि कुठे कोणाची ओढ किती, हे आधारफलने ठरवतात. मोटारीच्या दरवाजाची कड असो, जहाजाच्या तळाचा बाक असो की विमानाच्या पंखाचा छेद, आरेखनाच्या संगणकप्रणाल्या या सगळ्या आकारांसाठी हीच मांडणी वापरतात.

स्प्लाइन ही मुळात जहाजबांधणीच्या कार्यशाळेतली लाकडाची लवचीक, पातळ पट्टी. शिशाची वजने ठेवून ती हव्या त्या जागी दाबून धरायची आणि तिच्या कडेने रेघ मारायची. गणितात हे नाव रूढ केले आयझॅक शोएनबर्ग यांनी, १९४६ साली. वजनांच्या मधला पट्टीचा प्रत्येक भाग जवळजवळ एका बहुपदीसारखा वाकतो आणि लगतचे भाग सांध्यावर गुळगुळीत जुळतात. बी-स्प्लाइन वक्रातही तेच घडते. वक्रावरून पुढे सरकताना u ही संख्या वाढत जाते. u एखाद्या गाठीपाशी पोचली की एक बहुपदी संपते आणि दुसरी सुरू होते.

या वक्राबाबत दोन कामे सतत करावी लागतात. एक म्हणजे दिलेल्या u साठी आधारफलनांच्या किमती काढून वक्रावरचा बिंदू मिळवणे. दुसरे म्हणजे वक्राचा आकार तसूभरही न हलवता मध्येच एक नवी गाठ घालणे. पाठ्यपुस्तकांत ही दोन कामे बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, आणि त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते: दोन्ही कामांत वापरले जाणारे अपूर्णांक एकच आहेत. एक लहान उदाहरण शेवटपर्यंत सोडवले की ते उघड दिसते.

उदाहरणासाठी पाच नियंत्रण बिंदू पुरेत: क (०, ०), ख (१६, ६४), ग (४८, ६४), घ (९६, ०) आणि च (११२, ३२). एकक मिलिमीटर मानायला हरकत नाही. घात २, म्हणजे वक्राचा प्रत्येक तुकडा वर्गपदापर्यंतच्या बहुपदीचा. गाठींची संख्या नेहमी बिंदूंची संख्या अधिक घात अधिक एक इतकी लागते, म्हणून इथे आठ गाठी हव्यात: ०, ०, ०, १, २, ५, ५, ५. दोन्ही टोकांच्या गाठी तीन-तीनदा आल्या आहेत, त्यामुळे वक्र नेमका क पासून निघतो आणि च वर थांबतो. मधल्या गाठींमधली अंतरे मुद्दामच असमान ठेवली आहेत. समान अंतरांवर सूत्रातल्या चुका लपून राहतात.

घात २ असताना प्रत्येक नियंत्रण बिंदूच्या वाट्याला यादीतल्या लागोपाठच्या चार गाठी येतात. क ला ०, ०, ०, १. ख ला ०, ०, १, २. ग ला ०, १, २, ५. घ ला १, २, ५, ५ आणि च ला २, ५, ५, ५. आपल्या पहिल्या आणि शेवटच्या गाठीच्या मध्येच त्या बिंदूचे आधारफलन जिवंत असते, बाहेर ते शून्य. म्हणून u = १.५ या ठिकाणी फक्त ख, ग आणि घ यांचा प्रभाव पडतो. क आणि च यांचा काहीच नाही.

आता या तिघांचे वाटे किती? १९७२ पूर्वी रूढ असलेला एक मार्ग असा, की आधारफलन कापलेल्या घातपदांची बेरीज-वजाबाकी करून लिहायचे. कागदावर ते सूत्र निर्दोष आहे, गणनयंत्रावर मात्र ते दगा देते. ०, १, २, ३ या चार गाठींवरचे साधे फलन घेतले आणि u = २.९९ ठेवले, तर त्या सूत्राप्रमाणे २.९९ चा वर्ग, त्यातून वजा १.९९ च्या वर्गाची तिप्पट, त्यात अधिक ०.९९ च्या वर्गाची तिप्पट, आणि शेवटी सगळ्याचे निम्मे. म्हणजे ८.९४०१ − ११.८८०३ + २.९४०३ = ०.०००१ आणि त्याचे निम्मे ०.००००५. हे उत्तर बरोबर आहे. पण प्रत्येक संख्येचे चारच सार्थ अंक ठेवणारे यंत्र ८.९४० − ११.८८ + २.९४० करते आणि हाती येते शून्य. मोठ्या संख्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि जो बारीक अंश हवा होता तोच नेमका नाहीसा होतो. खऱ्या संगणकात चाराऐवजी पंधरा-सोळा अंक असतात, परंतु घात वाढला, गाठी वाढल्या किंवा त्या दाटीवाटीने आल्या की तिथेही हेच संकट उभे राहते.

यावरचा तोडगा १९७२ साली दोघांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. इंग्लंडमधल्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत काम करणारे मॉरिस कॉक्स हे एक, आणि अमेरिकेतले कार्ल द बोर हे दुसरे. द बोर यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात काम केले होते, त्यामुळे हा प्रश्न त्यांना निव्वळ सैद्धांतिक नव्हता. त्यांचे सूत्र आज कॉक्स-द बोर सूत्र म्हणून ओळखले जाते. मोठ्या घाताचे फलन ते एक पायरी लहान घाताच्या शेजारच्या दोन फलनांतून घडवते:

```
N[i,0](u) = 1   (t[i] <= u < t[i+1])
N[i,0](u) = 0   (एरवी)

N[i,p](u) = (u - t[i]) / (t[i+p] - t[i]) * N[i,p-1](u)
          + (t[i+p+1] - u) / (t[i+p+1] - t[i+1]) * N[i+1,p-1](u)
```

सूत्र प्रथमदर्शनी अंगावर येते. ते उलट्या बाजूने, म्हणजे खालून वर वाचले की सोपे होते. शून्य घाताला एकच फलन जिवंत असते, ज्या टप्प्यात u पडला त्या टप्प्याचे, आणि त्याची किंमत १. पुढच्या प्रत्येक पायरीला हातातल्या प्रत्येक किमतीची दोन शेजाऱ्यांत वाटणी होते. एखादे फलन a या गाठीपासून b या गाठीपर्यंत पसरलेले असेल, तर (u − a) भागिले (b − a) इतका हिस्सा उजवीकडच्या फलनाला जातो आणि उरलेला डावीकडच्याला. सूत्रात याहून जास्त काही नाही.

उदाहरणात u = १.५ हा १ ते २ या टप्प्यात पडतो. हातात १ आहे आणि u टप्प्याच्या बरोबर मध्यावर आहे, म्हणून पहिली वाटणी निम्मी-निम्मी होते: एक घाताची दोन फलने, प्रत्येकाची किंमत ०.५. यातले डावे फलन ० पासून २ पर्यंत पसरलेले आहे. त्या पसाऱ्यात १.५ ची जागा तीन चतुर्थांशावर, म्हणून त्याच्या ०.५ पैकी ०.७५ हिस्सा उजवीकडे ग ला आणि ०.२५ हिस्सा डावीकडे ख ला. उजवे फलन १ पासून ५ पर्यंत पसरलेले आहे. तिथे १.५ ची जागा एक अष्टमांशावर, म्हणून ०.१२५ हिस्सा घ ला आणि ०.८७५ हिस्सा पुन्हा ग ला. गुणाकार केले की ख चा वाटा ०.१२५, ग चा ०.३७५ + ०.४३७५ = ०.८१२५ आणि घ चा ०.०६२५. तिन्हींची बेरीज १. ती तशी यावीच लागते, कारण सुरुवातीला हातात १ होता आणि वाटणीत काहीही गळत नाही.

या वाट्यांनी बिंदूंना गुणले की x = २ + ३९ + ६ = ४७ आणि y = ८ + ५२ + ० = ६०. वक्र u = १.५ ला (४७, ६०) वर आहे.

आता मघाचे २.९९ चे गणित याच रीतीने करून पाहता येते. २ ते ३ या टप्प्यात १ पासून सुरुवात. पहिल्या वाटणीत ०.०१ हिस्सा, दुसऱ्या वाटणीत त्याचा ०.०१ भागिले २, म्हणजे ०.००५ हिस्सा, गुणाकार ०.००००५. चारच अंकांचे यंत्र असले तरी उत्तर अचूक. u गाठींच्या टप्प्यात असेपर्यंत वाटणीचे अपूर्णांक शून्य आणि एक यांच्या मध्येच राहतात. आधारफलनांच्या किमतींत एकमेकींना खाणारी वजाबाकी होतच नाही. होतात ते धन संख्यांचे गुणाकार आणि बेरजा. सूत्राची खरी कमाई ही आहे.

मात्र संगणकाला हे सूत्र जसेच्या तसे, स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणाऱ्या रूपात लिहून देणे शहाणपणाचे नाही. घात ३ असेल तर एकाच फलनासाठी १ + २ + ४ + ८ म्हणजे १५ वेळा ते स्वतःला बोलावते. एका ठिकाणी अशी चार फलने लागतात, म्हणजे साठ वेळा, आणि त्यातली बरीचशी कामे पुन्हा तीच ती. वाटणीच्या क्रमाने गेले तर १, २, ३, ४ अशा त्रिकोणात मिळून दहाच संख्या काढाव्या लागतात. पायथन भाषेत तो त्रिकोण असा:

```python
def basis(k, u, p, t):
    N = [1.0]
    for d in range(1, p + 1):
        M = [0.0] * (d + 1)
        for r in range(d):
            a, b = t[k - d + 1 + r], t[k + 1 + r]
            w = (u - a) / (b - a)
            M[r] += (1 - w) * N[r]
            M[r + 1] += w * N[r]
        N = M
    return N
```

इथे `k` म्हणजे u ज्या टप्प्यात आहे त्याचा क्रमांक, शून्यापासून मोजलेला. `basis(3, 1.5, 2, [0,0,0,1,2,5,5,5])` दिले की `[0.125, 0.8125, 0.0625]` मिळते. या मांडणीचा आणखी एक फायदा असा, की भाजक कधीही शून्य होत नाही. a ते b या पसाऱ्यात u चा स्वतःचा टप्पा नेहमी असतोच, आणि तो रिकामा नसतो. मूळ सूत्र शब्दशः वापरणाऱ्याला मात्र टोकाच्या तीन-तीन सारख्या गाठींमुळे शून्य भागिले शून्य ही स्थिती भेटते, आणि तिथे ‘शून्य’ असे उत्तर मानावे हा नियम वेगळा शिकवावा लागतो. तो विसरला की पडद्यावर आकृतीऐवजी `nan` उमटते.

दुसरा सापळा शेवटच्या बिंदूपाशी असतो. टप्प्याची व्याख्या डावी गाठ धरून आणि उजवी गाठ सोडून केली जाते. मग u = ५ हा कोणत्याच टप्प्यात बसत नाही, सगळी फलने शून्य होतात आणि वक्राचा शेवटचा बिंदू च ऐवजी (०, ०) वर जाऊन पडतो. आकृतीच्या शेवटाकडून मूळबिंदूकडे एक सरळ रेघ अचानक धावत गेलेली दिसली, की दोष इथेच आहे हे न तपासता सांगता येते. उपाय सोपा आहे: शेवटच्या गाठीसाठी शेवटचा न-रिकामा टप्पाच धरायचा, इथे २ ते ५. कोणत्याही u ला वाट्यांची बेरीज १ येते का, एवढी एक तपासणी लिहून ठेवली तरी हे दोन्ही दोष लगेच पकडले जातात.

आता गाठ घालण्याचे काम. त्याची गरज का पडते, हे ग बिंदूकडे पाहून कळते. ग चे फलन ० पासून ५ पर्यंत, म्हणजे अख्ख्या वक्रावर पसरलेले आहे. आरेखकाला वक्राचा डावीकडचा भाग थोडा उचलायचा असेल आणि त्याने ग हलवला, तर उजवीकडचा भागही हलतो. बारीक काम करायला आणखी बिंदू हवेत, पण ते मिळवताना आतापर्यंत जमवलेला आकार बिघडता कामा नये.

पहिल्यांदा सुचणारा उपाय चुकीचा असतो. वक्र १.५ ला (४७, ६०) वर आहे, तर तोच बिंदू ग आणि घ यांच्या मध्ये नियंत्रण बिंदू म्हणून घालावा आणि गाठींच्या यादीत १.५ घालावे, असे वाटते. तसे केले की u = १.५ ला वक्र (४७.५, ६२) वर सरकतो. u = २ ला मूळ वक्र (६०, ४८) वर होता, तो आता साधारण (५४, ५१.४) वर येतो, म्हणजे जवळजवळ सात मिलिमीटरचा फरक. मोटारीच्या पत्र्यावर एवढा फरक झाला तर साचा टाकूनच द्यावा लागेल. कारण उघड आहे: नियंत्रण बिंदू वक्राला फक्त ओढतो, म्हणून वक्रावरचा बिंदू त्या जागी ठेवला की ओढ बदलते. नवी गाठ आली की शेजारच्या जुन्या बिंदूलाही आपली जागा सोडावी लागते.

बरोबर रीत जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचे वोल्फगांग बोम यांनी १९८० साली ‘कम्प्युटर-एडेड डिझाइन’ या नियतकालिकात दिली. त्याच वर्षी एलेन कोहेन, टॉम लिखे आणि रिचर्ड रीझनफेल्ड यांनीही एकदम अनेक गाठी घालण्याची रीत प्रसिद्ध केली. लिखे ओस्लो विद्यापीठातले, म्हणून ती ‘ओस्लो रीत’ म्हणून ओळखली जाते. एकेक गाठ घालायची असेल तर बोम यांची रीत समजायला जास्त सोपी. घात २ असताना ज्या टप्प्यात गाठ घालायची तिथे जिवंत असलेले तीन बिंदू घ्यायचे, इथे ख, ग, घ. यांतला मधला ग काढून टाकायचा आणि त्याच्या जागी दोन नवे बिंदू ठेवायचे, एक ख-ग या रेषाखंडावर आणि दुसरा ग-घ या रेषाखंडावर. बाकीचे सगळे बिंदू जिथे आहेत तिथेच.

नव्या बिंदूची रेषाखंडावरची जागा अशी ठरते. ख च्या गाठी ०, ०, १, २ आणि ग च्या ०, १, २, ५. दोघांना सामाईक असलेल्या गाठी ०, १, २, म्हणजे पसारा ० ते २. त्यात १.५ ची जागा ०.७५ वर, म्हणून पहिला नवा बिंदू प हा ख पासून ग कडे तीन चतुर्थांश अंतरावर: ०.२५ × ख + ०.७५ × ग = (४०, ६४). ग आणि घ यांना सामाईक गाठी १, २, ५; त्या पसाऱ्यात १.५ ची जागा ०.१२५ वर, म्हणून दुसरा नवा बिंदू फ = ०.८७५ × ग + ०.१२५ × घ = (५४, ५६). आता बिंदू सहा झाले: क, ख, प, फ, घ, च. गाठी नऊ: ०, ०, ०, १, १.५, २, ५, ५, ५. हिशेब जुळतो.

०.७५ आणि ०.१२५ हे अपूर्णांक वर येऊन गेलेले आहेत. आधारफलनांच्या वाटणीच्या शेवटच्या पायरीत ०.५ आणि ०.५ यांचे हिस्से याच अपूर्णांकांनी पडले होते. तिथे किमती वरच्या घाताकडे वाटल्या जात होत्या. इथे तेच अपूर्णांक बिंदूंना लावले आहेत. वाटणीची शेवटची पायरी किमतींवर न करता बिंदूंवर केली, की हातात उरतात प, फ आणि त्यांचे आधीच्या पायरीतले वाटे ०.५, ०.५. त्या वाट्यांनी बेरीज केली तर (४०, ६४) आणि (५४, ५६) यांचा मध्य (४७, ६०), म्हणजे पुन्हा तोच वक्रावरचा बिंदू. गाठ घालणे म्हणजे वक्रबिंदू काढण्याच्या गणिताची एक पायरी करून तिथेच थांबणे.

फक्त १.५ पाशी मेळ बसला म्हणून भागत नाही. सगळा वक्र तोच राहिला पाहिजे. u = १ ला जुन्या हिशेबाने ख आणि ग यांचे वाटे निम्मे-निम्मे, बिंदू (३२, ६४). नव्या हिशेबाने ख चा वाटा एक तृतीयांश आणि प चा दोन तृतीयांश, बिंदू पुन्हा (३२, ६४). u = २ ला जुना हिशेब ०.७५ × ग + ०.२५ × घ असा आहे, बिंदू (६०, ४८). नवा हिशेब फ च्या सहा सप्तमांशात घ चा एक सप्तमांश असा, आणि तोही (६०, ४८). वाटे वेगळे, बिंदू तेच.

हे योगायोगाने होत नाही. जुन्या वक्राचा १ ते २ हा तुकडा एकाच बहुपदीचा होता. १.५ वर गाठ घातली की तो कागदोपत्री दोन तुकड्यांचा होतो, पण दोन्ही तुकडे त्याच बहुपदीचे आणि सांधा अर्थातच गुळगुळीत. म्हणजे नव्या गाठींवर जेवढे वक्र काढता येतात त्यांत जुना वक्र आधीपासून आहे, आणि त्याला व्यक्त करणारा सहा बिंदूंचा संच एकच असू शकतो. बोम यांचे सूत्र तोच संच शोधून देते. आधारफलनांच्या भाषेत सांगायचे तर ग चे जुने फलन म्हणजे प च्या नव्या फलनाची ०.७५ पट अधिक फ च्या नव्या फलनाची ०.८७५ पट. १.५ ला ही बेरीज ०.३७५ + ०.४३७५, म्हणजे मघाचेच ०.८१२५.

आरेखकाचे कामही साधते. प चे फलन आता फक्त ० ते २ एवढ्यातच जिवंत आहे. तो हलवला तरी २ च्या पुढचा वक्र जागचा हलत नाही.

त्याच १.५ वर आणखी एकदा गाठ घातली तर प आणि फ यांच्या मध्ये, १ ते २ या पसाऱ्यातल्या ०.५ या जागी, नवा बिंदू येतो, तो म्हणजे (४७, ६०). दुसऱ्या गाठीने नियंत्रण बिंदू वक्रावरच येऊन बसतो. वक्राचा बिंदू काढण्याची द बोर यांची रीत म्हणजे हेच: गाठ घाताइतक्या वेळा घालायची आणि जो बिंदू उरेल तो उत्तर. तिसऱ्यांदा घातली की वक्राचे दोन स्वतंत्र वक्र होतात. आरेखनप्रणालीतली वक्र कापण्याची आज्ञा आतून याच मार्गाने जाऊ शकते. ट्रू-टाइप फॉन्टमध्येही हीच युक्ती दडलेली आहे. तिथे अक्षराच्या बाह्यरेषेत वक्राबाहेरचे दोन बिंदू लागोपाठ आले तर त्यांचा मध्यबिंदू साठवलेला नसतो. तो वक्रावर आहे असे गृहीत धरायचे असते. समान अंतराच्या गाठींच्या द्विघाती बी-स्प्लाइनवर दुहेरी गाठ घातल्यावर मिळतो तोच हा बिंदू. ट्रू-टाइप देवनागरी फॉन्टमधल्या ‘क’च्या गोलाईला हा नियम लागू पडतो. समान गाठींच्या द्विघाती वक्रात प्रत्येक टप्प्याच्या मध्यावर एकेक गाठ घातली की प्रत्येक रेषाखंडावर पाव आणि पाऊण अंतरावर नवे बिंदू येतात. कोपरे छाटत जाण्याची ही रीत जॉर्ज चैकिन यांनी १९७४ मध्येच मांडली होती.

आकार बदलत नसला तरी दुहेरी गाठीने एक गोष्ट बदलते. घात २ च्या वक्रात साध्या गाठीपाशी दिशा तुटू शकत नाही, लगतचे दोन बिंदू एकाच जागी आणले नाहीत तर. दुहेरी गाठीपाशी ती हमी उरत नाही. गाठ घालून झाल्याक्षणी वक्र पूर्वीइतकाच गुळगुळीत दिसतो, कारण तो तोच आहे. पण कोणी (४७, ६०) हा बिंदू जरासा ओढला की तिथे टोक निघते. आलेखावर काहीच दिसत नसताना फाइलमधल्या गाठींची यादी वाचली तरच ही गोष्ट आधी लक्षात येते.

वजनी वक्र असेल, म्हणजे प्रत्येक नियंत्रण बिंदूला वेगळे वजन जोडलेले असेल, तर आणखी एक पथ्य आहे. अचूक वर्तुळ काढण्यासाठी अशी वजने लागतात. गाठ घालताना x आणि y यांना आधी वजनाने गुणायचे, वाटणी त्या गुणाकारांची आणि वजनाचीही करायची, आणि मगच भागायचे. x, y आणि वजन सुटेसुटे वाटले तर वर्तुळ किंचित चेपते. डोळ्यांना ते जाणवत नाही. केंद्रापासूनची अंतरे मोजली की कळते.

जवळजवळ सारख्या गाठींचा त्रास निराळा. एका प्रणालीतून १.५ आणि दुसऱ्या प्रणालीतून १.४९९९९९९ अशा दोन गाठी एकाच यादीत आल्या, तर त्यांच्यात एक नाममात्र टप्पा तयार होतो. सूत्राला तो खराच टप्पा वाटतो. त्यात भाजक सूक्ष्म होतात, उतार आणि वक्रता काढताना आकडे भरकटतात. म्हणून नवी गाठ घालण्याआधी ती आधीच्या एखाद्या गाठीपासून ठरावीक मर्यादेच्या आत आहे का हे पाहून, असेल तर तीच गाठ धरणे हा या कामातला नेहमीचा रिवाज आहे.

उलट दिशेचा प्रवास मात्र इतका सरळ नाही. घातलेली गाठ लगेच काढली तर जुना वक्र परत मिळतो. पण दरम्यान प किंवा फ हलवला असेल, तर सर्वसाधारणपणे पाच बिंदूंच्या कोणत्याही संचाने तो नवा आकार नेमका व्यक्त होत नाही, आणि गाठ काढण्याआधी किती चूक चालेल हे ठरवावे लागते. पृष्ठभागांच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. तिथे बिंदू जाळीत असतात आणि एका दिशेने एक गाठ घातली की जाळीच्या आडव्या किंवा उभ्या एका अख्ख्या ओळीचे बिंदू वाढतात, गरज एका कोपऱ्यात असली तरी. टॉम सेडरबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेल्या टी-स्प्लाइनमध्ये जाळीची ओळ मध्येच थांबवण्याची मुभा आहे ती यासाठीच.